फोन हातात घेतला की मेसेज धडाधड का येतात?

सकाळी पावणेआठला फोन उचलावा आणि त्याच क्षणी टिंग, टिंग, टिंग सुरू व्हावं. त्यातला एक मेसेज सहा दहाचा: ‘आज पाणी 6.30 ते 7.15 एवढंच येणार.’ पाणी येऊन गेलेलं असतं. अशा वेळी आपण नेटवर्कला नाहीतर वाय-फायला दोष देतो, पण पुष्कळदा त्या दोघांचा काहीच संबंध नसतो. मेसेज फोनच्या उंबरठ्यापर्यंत वेळेवर आलेला असतो, बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननेच तो आत घेतलेला नसतो. हे नेमकं कसं घडतं याच्या काही गमतीदार गोष्टी आहेत आणि त्या कळल्या की उपायही आपोआप सापडतो.

अँड्रॉइड 2015 पासून गाढ झोपतं

अँड्रॉइड 6 म्हणजे मार्शमेलो ही आवृत्ती 2015 मध्ये आली आणि तिच्यात ‘डोझ’ नावाची सोय आली. फोन चार्जरला लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो बराच वेळ जागचा हललेला नाही, या तीन गोष्टी जुळल्या की फोन समजतो की मालकाला आत्ता आपली गरज नाही. मग तो ॲप्सचं इंटरनेट तोडतो आणि त्यांची मागे चाललेली कामं थांबवतो. अधूनमधून थोडा वेळ जागा होतो, साठलेली कामं उरकतो आणि पुन्हा झोपतो.

ही झोप एकसारखी नसते. अँड्रॉइडच्या मूळ कोडप्रमाणे गाढ झोपेचा पहिला टप्पा तासाभराचा, पुढचा दोन तासांचा, त्यापुढचा चार तासांचा, आणि कमाल मर्यादा सहा तासांची. फोन जितका जास्त वेळ टेबलावर निपचित पडून राहील तितका तो उशिरा जागा होतो. त्याला उठवायला बटण दाबावं लागतं असंही नाही. फोन नुसता उचलला तरी हालचाल टिपणारा सेन्सर गाढ झोप मोडतो. हातात घेताक्षणी सूचनांची रांग लागते ती यामुळे. पुढच्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड 7 मध्ये खिशात हलणाऱ्या फोनसाठीही एक हलकी झोप आली.

यातून घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी हाती लागते. चार्जरला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही. म्हणून चार्जिंगला असताना सूचना वेळेवर येत असतील आणि एरवी उशिरा येत असतील, तर कारण बॅटरीची बचत हेच. चार्जिंगला असतानाही उशीर होत असेल, तर कारण दुसरं शोधायचं.

तुमचं प्रत्येक ॲप सर्व्हरशी जोडलेलं नसतं

आपल्याला वाटतं की व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरशी सतत बोलतंय, बँकेचं ॲप बँकेशी बोलतंय. पन्नास ॲप्सनी अशा पन्नास लाइन उघड्या ठेवल्या, तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून गूगलने सगळ्यांसाठी मिळून एकच लाइन ठेवली आहे. तिचं नाव फायरबेस क्लाउड मेसेजिंग, थोडक्यात एफसीएम. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा सगळ्या घरांची पार्सलं एकटाच घेतो, तसं हे काम आहे. फोनमधली गूगल प्ले सर्व्हिसेस ही एक लाइन जिवंत ठेवते, आणि कुणाला निरोप आला की तेवढ्याच ॲपला हाक मारते.

एफसीएमवर निरोप दोन दर्जांचे असतात, साधे आणि तातडीचे. फोन झोपला की साधा निरोप थांबून राहतो, तातडीचा निरोप झोप मोडून आत येतो. सेलची जाहिरात साध्या दर्जाने पाठवलेली असेल, तर ती तुम्ही फोन उचलल्यावर येणार, आणि तसंच व्हायला हवं. चॅटचे मेसेज आणि व्हिडिओ कॉल मात्र तातडीच्या दर्जाने येतात. म्हणजे नुसत्या डोझमुळे ते अडता कामा नयेत. तरीही अडले, तर डोझ सोडून दुसरीकडे बघायचं. बहुतेक लोक नेमके इथेच चुकीच्या सेटिंगच्या मागे लागतात.

ही लाइन तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. बऱ्याच फोनवर डायलरमध्ये `*#*#426#*#*` टाइप केलं की एफसीएमची तपासणीची स्क्रीन उघडते आणि लाइन जोडलेली आहे की तुटलेली हे तिथे दिसतं. 426 हेच का? या सेवेचं आधीचं नाव जीसीएम होतं, आणि फोनच्या कीपॅडवर जी, सी आणि एम ही अक्षरं अनुक्रमे 4, 2 आणि 6 वर आहेत.

अजून एक गंमत. फोन बंद असेल तर एफसीएम निरोप जास्तीत जास्त चार आठवडे सांभाळून ठेवतं. पण एका ॲपचे शंभराहून जास्त वेगवेगळे निरोप तुंबले, तर ते साठलेले सगळेच निरोप टाकून देतं आणि ॲपला एवढंच कळवतं की काही निरोप गेले. मग ॲपने स्वतःच्या सर्व्हरकडून सगळं नव्याने आणायचं. साधा एसएमएस आणि साधा फोन कॉल या सगळ्या भानगडीच्या बाहेर आहेत. ते मोबाइल नेटवर्कवरून थेट येतात, म्हणून झोपलेल्या फोनवरही ओटीपीचा एसएमएस लगेच वाजतो.

वर सरकवलं आणि ॲप मुकं झालं

अँड्रॉइडमध्ये ‘थांबवलेलं ॲप’ अशी एक अवस्था आहे, अँड्रॉइड 3.1 पासून, म्हणजे 2011 पासून. सेटिंगमध्ये जाऊन एखाद्या ॲपवर `Force stop` दाबलं की ते या अवस्थेत जातं. आपण स्वतः ते पुन्हा उघडेपर्यंत त्याला कुठलाही निरोप मिळत नाही, तातडीचासुद्धा नाही. नियम सरळ आहे: तुम्ही थांबवलंत, तर तुम्हीच सुरू करा.

गोंधळ होतो तो अलीकडच्या ॲप्सच्या यादीत. साध्या अँड्रॉइडवर यादीतलं ॲप वर सरकवून काढून टाकलं, तरी ते ‘थांबवलेलं’ होत नाही आणि निरोप येत राहतात. पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये, ॲपला आपोआप सुरू होण्याची परवानगी दिलेली नसेल, तर तेच सरकवणं थेट `Force stop` सारखं धरलं जातं. दिसायला दोन्हीकडे बोटाची क्रिया तीच, परिणाम मात्र एकदम वेगळा.

कंपन्या असं का करतात? यामागे चीनमधली परिस्थिती आहे. तिथे गूगलच्या सेवा चालत नाहीत, म्हणजे एफसीएमची सामाईक लाइनही नाही. तिथली ॲप्स स्वतःची लाइन स्वतः उघडी ठेवत आणि एक ॲप उघडलं की ते आपल्या जोडीदार ॲप्सनाही जागं करत असे. अशा फोनची बॅटरी टिकवायची, तर मागे चालणारी ॲप्स कठोरपणे बंद करण्यावाचून इलाज नव्हता. तोच कठोरपणा त्याच सॉफ्टवेअरसोबत भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्येही आला, आणि इथे तो एफसीएम नीट वापरणाऱ्या ॲप्सनाही सोसावा लागतो. कोरियन किंवा अमेरिकी कंपन्याही मागे नाहीत. दिवसभर बॅटरी टिकते हे सांगून फोन विकता येतो, मेसेज वेळेवर येतात हे कुणी पेटीवर छापत नाही. मला हे ग्राहकावर अन्याय करणारं वाटतं, कारण बचत कशाच्या बदल्यात होते हे त्याला कुणी सांगतच नाही.

या छळाला कंटाळून ‘स्लीप ॲज अँड्रॉइड’ या झोपेच्या आणि गजराच्या ॲपच्या निर्मात्यांनी `dontkillmyapp.com` ही साइट काढली. कुठली कंपनी ॲप्सना किती बेदरकारपणे मारते याची क्रमवारी तिथे आहे, आणि कंपनीनिहाय उपायही आहेत.

शेजारच्या काकूंचा फोन

सुरुवातीला सांगितलेला पाण्याचा मेसेज आमच्या शेजारच्या काकूंचा. त्यांना वाटत होतं, सोसायटीचे सेक्रेटरी मेसेजच उशिरा टाकतात. हे तपासायला एक मिनिट पुरतं. ज्याने मेसेज पाठवला त्याच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये तो मेसेज दाबून धरायचा आणि `Info` उघडायचं. ग्रुपचा मेसेज असेल तर तो कुणापर्यंत किती वाजता पोचला याची यादी तिथे येते. सेक्रेटरींच्या फोनवर दिसलं की मेसेज 6.10 ला निघाला, बहुतेकांकडे 6.10 लाच पोचला, आणि काकूंकडे 7.42 ला.

या एका आकड्याने अर्धं काम झालं. पोचल्याची वेळ 6.10 असती आणि तरी फोन वाजला नसता, तर दोष सूचनेच्या आवाजात, सायलेंट मोडमध्ये किंवा ग्रुप म्यूट असण्यात शोधावा लागला असता. इथे मेसेज फोनमध्ये शिरलाच नव्हता. एक काळजी मात्र घ्यायची: तेच व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवरही जोडलेलं असेल, तर तिथे पोचलेला मेसेजही ‘पोचला’ असाच दिसतो. काकूंकडे तसं काही नव्हतं.

फोन रात्रभर चार्जरला होता, म्हणजे डोझ सुटला. मग वाय-फाय? त्यासाठी सेटिंगमधलं `Notification history` संध्याकाळीच चालू करून ठेवलं. हे अँड्रॉइड 11 पासून आहे, पण चालू केल्यानंतरच्याच सूचना त्यात दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ईमेलची सूचना 5.50 ची दिसली, बातम्यांची 6.30 ची, व्हॉट्सॲपची मात्र काकूंनी ते उघडल्यानंतरचीच. म्हणजे नेट होतं, एफसीएमची लाइनही चालू होती, फक्त एकच ॲप मुकं होतं.

“काकू, झोपताना फोनचं काय काय करता?”

“काही नाही गं. जे काय उघडं असेल ते सगळं वर सरकवून टाकते आणि चार्जिंगला लावते. बॅटरीला बरं ना ते.”

कारण सापडलं. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपची `Autostart` परवानगी बंद होती, बॅटरीचा पर्याय मर्यादित ठेवलेला होता, आणि त्यावर रोज रात्री हे सरकवणं. परवानगी चालू केली, बॅटरीसाठी `No restrictions` निवडलं, आणि अलीकडच्या ॲप्सच्या यादीत व्हॉट्सॲपवर दाबून धरून कुलपाचं चिन्ह लावलं, म्हणजे सगळी ॲप्स एकदम काढली तरी ते यादीत राहतं. काकूंना एवढंच सांगितलं की ॲप वर सरकवल्याने बॅटरी वाचत नाही. ते पुन्हा उघडताना फोनला सगळं पहिल्यापासून लोड करावं लागतं आणि त्यात उलट जास्तच बॅटरी जाते. पुढच्या सकाळी मेसेज निघाला 6.05 ला आणि काकूंकडे पोचलाही 6.05 लाच.

तुमच्या फोनमध्ये काय शोधाल?

पिक्सेल किंवा मोटोरोलासारख्या साध्या अँड्रॉइडवर ॲपच्या चिन्हावर दाबून धरा, `App info` मध्ये जा, तिथे `App battery usage` उघडा आणि `Unrestricted` निवडा. शाओमी, रेडमी आणि पोकोवर बॅटरीच्या पर्यायासोबत `Autostart` चालू करणं आवश्यकच आहे, एकाने भागत नाही. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसवर ॲपच्या बॅटरीच्या पानावर मागे चालण्याची परवानगी आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी अशी दोन बटणं असतात, ती दोन्ही लागतात. विवोवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Background power consumption management` सापडतं, आणि `Autostart` परवानग्यांच्या यादीत वेगळं असतं.

सॅमसंगची रीत निराळी आहे. तिथे `Background usage limits` मध्ये झोपलेल्या ॲप्सची एक यादी असते आणि गाढ झोपलेल्यांची दुसरी. थोडे दिवस ॲप वापरलं नाही की फोन ते आपणहून झोपलेल्यांच्या यादीत टाकतो. गाढ झोपेच्या यादीतलं ॲप मागे अजिबात चालत नाही, तुम्ही उघडाल तेव्हाच चालतं. महत्त्वाची ॲप्स तिथून काढून कधीही न झोपणाऱ्यांच्या यादीत घाला.

आवृत्तीप्रमाणे ही नावं थोडी बदलतात. जागा सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत autostart किंवा battery लिहा. सिस्टिमचं मोठं अपडेट आलं की ही सेटिंग्ज एकदा पुन्हा बघा.

यूएसबी डीबगिंग माहीत असलेल्यांना उपाय लागू पडला की नाही हे रात्रभर न थांबता कळू शकतं. पुढच्या आज्ञांनी फोनला खोटं सांगता येतं की चार्जर काढला आहे, आणि लगेच डोझमध्ये ढकलता येतं:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

आता स्क्रीन बंद ठेवून दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवा. वाजला तर काम झालं. नंतर फोन पूर्ववत करायला विसरू नका:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```

फार दिवस न उघडलेलं ॲप

2018 च्या अँड्रॉइड 9 पासून फोन तुमची ॲप्स वापरानुसार वेगवेगळ्या गटांत टाकतो. रोजचं ॲप वरच्या गटात, महिन्यातून एकदा उघडलेलं खालच्या गटात. खालच्या गटातल्या ॲपला मागे काम करायची संधी क्वचितच मिळते. अँड्रॉइड 12 ने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. काही महिने ॲप उघडलंच नाही, तर ते गोठवलं जातं: परवानग्या जातात आणि तातडीचे निरोपही येत नाहीत. विम्याचं, गॅस बुकिंगचं किंवा लसीकरणाची आठवण करणारं ॲप वर्षातून दोनदाच लागतं, आणि नेमक्या त्या दोन वेळा ते गप्प बसतं. उपाय सोपा आहे. त्या ॲपच्या `App info` मध्ये `Manage app if unused` किंवा `Pause app activity if unused` असं बटण असतं, ते बंद करा.

गजर वाजतो, औषधाची आठवण का चुकते?

घड्याळाचा गजर कितीही गाढ झोपलेल्या फोनवर वाजतो, कारण अँड्रॉइडने गजरासाठी वेगळी सोय ठेवली आहे. अशा गजराची वेळ जवळ आली की फोन आधीच डोझमधून बाहेर येतो. आठवण करून देणारी पुष्कळ ॲप्स ही सोय न वापरता दुसरी वापरतात, आणि तिच्यावर बंधन आहे: डोझमध्ये एका ॲपला नऊ मिनिटांतून एकदाच हाक मारता येते. आठ वाजता दोन गोळ्यांची आणि आठ पाचला इन्सुलिनची आठवण लावली, तर दुसरी मागे पडू शकते.

अँड्रॉइड 12 पासून तर नेमक्या वेळी वाजायला `Alarms & reminders` ही परवानगीच लागते, आणि अँड्रॉइड 14 वर नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही. ती नसेल तर ॲप चालू दिसतं, आठवण मात्र सवडीने येते. सेटिंगमध्ये `Special app access` खाली ही परवानगी मिळेल. औषधाच्या वेळेचा प्रश्न असेल, तर घड्याळाच्या ॲपमध्ये त्याच वेळेचा एक साधा गजर जोडीला लावावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

सगळं बरोबर असूनही उशीर होतो तेव्हा

फक्त घरच्या वाय-फायवर उशीर होतो आणि मोबाइल डेटावर होत नाही, असं दिसलं तर राउटरकडे बघा. काही राउटर थोडा वेळ शांत राहिलेली लाइन गुपचूप तोडतात, आणि फोनला ते पुढच्या तपासणीपर्यंत कळत नाही. त्याशिवाय बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर हे दोन मोड चालू नाहीत ना तेही बघा, कारण ते चालू असताना मागे चालणाऱ्या ॲप्सवर वेगळी बंधनं येतात. आणि ॲप बनवणाऱ्यानेच निरोप साध्या दर्जाने पाठवला असेल, तर तुमच्या सेटिंगने त्याचा दर्जा वाढत नाही.

बॅटरीच्या बंधनांतून सुटकेची ही सवलत प्रत्येक ॲपला देऊ नका. मेसेज आणि कॉलचं ॲप, औषधाची आठवण, दाराच्या कॅमेऱ्याचं ॲप आणि कामाचं एखादं, एवढी पुरे. खरेदी, गेम आणि फोटो सजवणारी ॲप्स खुशाल झोपू देत, ती झोपली म्हणजेच बॅटरी खऱ्या अर्थाने वाचते. आईवडिलांचा, सासूसासऱ्यांचा फोन आज हातात घ्या, त्यांच्या औषधाच्या ॲपपासून सुरुवात करा आणि स्क्रीन बंद ठेवून एक मेसेज पाठवून बघा.